सेव्ह मागायचं की कमेंट? चकलीच्या एका रीलचे तीन शेवट

माझी वहिनी दिवाळीचा फराळ करून विकते, आणि तिच्या इन्स्टाग्रामचं कॅप्शन लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं. चकलीच्या भाजणीचं रील तयार झालं की आमच्यात दरवर्षी एकच वाद होतो, शेवटच्या पाच सेकंदांवरून. तिला सवयीने म्हणायचं असतं, "व्हिडिओ आवडला तर लाईक, शेअर आणि फॉलो करा." माझं म्हणणं, एका वेळी एकच गोष्ट मागायची, आणि ती फॉलो नसावी. मग सेव्ह मागायचं की कमेंट? दोन्हींचा फायदा वेगळा, आणि दोन्हींचा खर्चही वेगळा आहे.

आधी फॉलोचा निकाल लावू. रील बघणाऱ्यांपैकी काही जण आधीच फॉलो करत असतात, त्यांच्यासाठी ते वाक्य फुकट जातं. बाकीच्यांनी तुमचं एकच रील पाहिलेलं असतं, आणि तुम्ही त्यांच्याकडे पुढच्या सगळ्या रील्सचा भरवसा मागता. भाजणीचं प्रमाण शोधत आलेल्या बाईला तुमच्या पुढच्या रीलशी अजून देणंघेणं नसतं. फॉलो मागणं शोभतं ते पुढची गोष्ट ठरलेली असेल तेव्हाच: "आज भाजणी, परवा याच भाजणीच्या चकल्या, फॉलो केलंत तर चुकणार नाही." इथे निदान परवा काय मिळणार ते कळतं. इनसाइट्समध्ये बघणारे फॉलोअर किती आणि बाहेरचे किती हे वेगवेगळं दिसतं. बहुतेक जण फॉलोअरच असतील तर हे वाक्य सरळ काढून टाका.

आता सेव्ह. सेव्ह माणूस स्वतःसाठी करतो. ही खूण इन्स्टाग्रामवर डिसेंबर २०१६ मध्ये आली आणि पहिल्यापासून खासगी आहे: कोणी सेव्ह केलं ते तुम्हाला दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. म्हणून "आमच्यासाठी सेव्ह करा" ही विनंती लागू पडत नाही. बघणाऱ्याला ती गोष्ट पुढे कधी लागणार आहे, तो दिवस दाखवावा लागतो. "सेव्ह करून ठेवा" आणि "भाजणी दळायला न्याल त्या दिवशी हे प्रमाण लागेल, सेव्ह करून ठेवा" यांत हाच फरक आहे. दुसऱ्या वाक्यात गिरणीसमोर डबा घेऊन उभी असलेली बाई दिसते.

यातूनच वेळेचं गणित येतं. दिवाळीच्या दोनतीन आठवडे आधी टाकलेलं भाजणीचं रील सेव्ह होतं, कारण काम अजून पुढे आहे. नरकचतुर्दशीच्या सकाळी टाकलं तर कोण कशाला जपून ठेवेल? त्या दिवशी घरोघरी चकल्या डब्यात असतात.

सेव्ह मागण्याआधी स्वतःलाच विचारा, यात पुन्हा उघडून बघण्यासारखं काय आहे? आमच्या रीलमध्ये होतं: ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, वर धने आणि जिरे. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाजायचं. हे आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून सेव्हला कारण मिळतं. पण पहिल्या वर्षी आम्ही प्रमाण फक्त वहिनीच्या बोलण्यात ठेवलं होतं. ज्यांनी सेव्ह केलं त्यांना ऐन कामात पिठाच्या हाताने रील मागेपुढे करावं लागलं. नंतर तेच प्रमाण कॅप्शनमध्येही लिहिलं. सेव्हची विनंतीही शेवटून उचलून प्रमाण पडद्यावर येतं त्या क्षणाला नेली. शेवटपर्यंत सगळे थांबत नाहीत, आणि हवं ते मिळालं की माणूस पुढे सरकतो.

फोटोंच्या पोस्टमध्ये एक वेगळी अडचण येते. सगळं प्रमाण एकाच फोटोवर नीट मांडलं तर लोक स्क्रीनशॉट काढतात, आणि तो सेव्हच्या आकड्यात धरला जात नाही. प्रमाण एका फोटोवर, भाजण्याचा क्रम दुसऱ्यावर आणि पीठ मळताना होणाऱ्या चुका तिसऱ्यावर घेतल्या तर वाचणाऱ्याला अख्खी पोस्टच ठेवावीशी वाटते. यात लबाडी नाही. भाजणीला तेवढी जागा लागतेच.

सेव्हची उणीव म्हणजे ते मुकं असतं. आकडा वाढतो, पण कोणाला काय आवडलं, कोणाचं काय अडलं, काही कळत नाही. शिवाय सेव्ह केलेल्या कितीतरी गोष्टी पुन्हा उघडल्याच जात नाहीत. माझ्याच फोनमध्ये चार प्रकारच्या शंकरपाळ्या वाट बघत पडल्या आहेत.

कमेंटचं नेमकं उलटं. ती चारचौघांत करावी लागते, टाइप करावी लागते, आणि त्यात आपलं नाव दिसतं. म्हणून कमेंट मागताना प्रश्न असा हवा की उत्तर एकदोन शब्दांत देता यावं आणि ते देताना कोणाला अवघडल्यासारखं होऊ नये. "तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये सांगा" याला उत्तरच नसतं, फार तर "छान" मिळतं. "तुमच्या भाजणीत पोहे घालतात का?" याला मात्र उत्तर येतं. प्रत्येक घराची भाजणी वेगळी असते, आणि आपल्या आईची पद्धत सांगायला कोणीही तयार असतं. बरेच जण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, त्यांनाही "ho, thode" लिहायला दोन सेकंद पुरतात.

याहून कामाचा प्रश्न आम्हाला चुकांतून सापडला: "तुमची चकली तेलात विरघळते, की डब्यात मऊ पडते? एकच शब्द लिहा." ज्याची फसली आहे तो लिहितोच, कारण त्याला उत्तर हवं असतं. विरघळणाऱ्यांना वहिनी मोहन कमी करायला सांगते. मऊ पडणाऱ्यांना पीठ जरा घट्ट भिजवून, तेल नीट तापवून, सावकाश तळायला सांगते. सेव्हमधून हे कधीच हाती लागलं नसतं. बहुतेकांची तक्रार मऊ पडण्याची आहे असं दिसलं की पुढच्या रीलचा विषयही आपोआप ठरतो.

पण कमेंटचा खर्च तुमच्या माथी असतो. प्रश्न विचारून पोस्ट टाकायची आणि दुकानात निघून जायचं, हे जमत नाही. पहिल्या दहाबारा जणांना उत्तर मिळालं नाही तर पुढचे लिहीतच नाहीत, आणि ज्यांनी अडचण लिहिली ते दुखावतात. वहिनीचा नियम सरळ आहे: पोस्ट टाकल्यावर तासभर फोन हातात राहणार असेल तरच कमेंट मागायची, नाहीतर सेव्ह. चांगल्या उत्तरांपैकी तीनपर्यंत कमेंट वर पिन करता येतात. मोहनाचं उत्तर तिथे लावलं की तोच प्रश्न वीस वेळा येत नाही.

"भाजणी असं लिहा, मी रेसिपी मेसेज करते" हा हल्लीचा प्रकार मला आवडत नाही. दरपत्रक किंवा ऑर्डरचा फॉर्म पाठवायचा असेल तर ठीक, कारण तिथे खरंच काहीतरी पाठवायचं असतं. पण जे प्रमाण कॅप्शनमध्ये मावलं असतं ते अडवून ठेवलं की कमेंटच्या जागी एकच शब्द शंभरदा उमटतो आणि खरा प्रश्न त्यात बुडतो. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की नुसत्या कमेंट, टॅग किंवा शेअर उकळणाऱ्या पोस्ट मागे टाकल्या जातील. सल्ला किंवा मदत मागणाऱ्या पोस्ट मात्र त्यातून वगळल्या होत्या. चकली का फसली हे विचारणं त्या दुसऱ्या गटात बसतं.

काही जण म्हणतात, इन्स्टाग्राम ज्याला जास्त वजन देतं तेच मागावं. प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२३ मध्ये समजावलं होतं की एक्सप्लोरमध्ये लाईक, सेव्ह आणि शेअर बघितले जातात, तर फीडमध्ये तुम्ही कमेंट कराल का याचाही अंदाज घेतला जातो. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनीच सगळ्यांत महत्त्वाच्या म्हणून तीन गोष्टी सांगितल्या: किती वेळ बघितलं, लाईक, आणि दुसऱ्याला पाठवणं. त्या तिघांत ना सेव्ह आहे ना कमेंट. वजनाची यादी बदलत राहते. तिच्यामागे धावण्यापेक्षा त्या रीलमधून बघणाऱ्याला काय हवं आहे ते पाहून मागावं, असं माझं मत आहे.

दोन्ही करून बघायचे असतील तर मोजताना एक चूक हमखास होते. समजा, सेव्ह मागितलेलं रील ६,००० जणांपर्यंत गेलं आणि १५० सेव्ह आले. दुसऱ्या रीलमध्ये सेव्ह मागितले नव्हते, ते २,००० जणांपर्यंत गेलं आणि ७० सेव्ह आले. नुसते आकडे पाहून पहिलं जिंकलं असं वाटतं. दर हजारी धरलं तर पहिल्याचे २५ आणि दुसऱ्याचे ३५. म्हणजे मागूनही कमीच आले. अशा वेळी विनंतीला दोष देण्याआधी त्या रीलमध्ये जपून ठेवण्यासारखं काही होतं का ते तपासा. कमेंटच्या आकड्यात तुमची स्वतःची उत्तरंही धरलेली असतात. ८० दिसत असतील आणि ३५ उत्तरं तुमची असतील, तर बाहेरच्या ४५ उरतात. त्यांतल्या नुसत्या हात जोडलेल्या इमोजी वजा करा, मग काय ते कळेल. आणि भाजणीची तुलना भाजणीशी, लाडवाची लाडवाशी. सणाच्या आठवड्यातलं रील एरवीच्या रीलसमोर ठेवलं तर जास्तीचं श्रेय दिवाळीचं असतं.

यंदा आमचं ठरलंय ते असं. तीन आठवडे आधी भाजणीचं रील, प्रमाण दिसतं तिथेच सेव्हची विनंती, आणि कॅप्शनची पहिलीच ओळ "चकलीची भाजणी ४:२:१, दळायला नेताना हे जवळ ठेवा". कॅप्शन थोडंच दिसून पुढे 'मोर'मागे दडतं, म्हणून कामाचं ते आधी. त्यानंतरच्या रविवारी दुपारी, वहिनी मोकळी असेल तेव्हा, विरघळते की मऊ पडते हा प्रश्न. ज्या आठवड्यात ऑर्डरी बांधायच्या असतात त्या आठवड्यात काहीच मागायचं नाही. कमेंटना उत्तर द्यायला तेव्हा घरात कोणाचाच हात कोरडा नसतो.