टीव्हीवर 6004 आला आणि खात्यातून 44,849 रुपये गेले

बार्शीत माझं मेडिकल आहे. दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी स्वतः सांगत असतो, की ओटीपी कुणाला देऊ नका. एवढं सांगून ठेवतो, म्हणजे पुढची गोष्ट वाचताना ‘अडाणी असेल बिचारा’ असं कुणी म्हणायला नको.

2024 च्या दिवाळीआधीची गोष्ट. आई रोज रात्री आठ वाजता टीव्हीवरच्या एका ॲपवर तिची मालिका बघते. महिन्याला 149 रुपयांचा प्लॅन, यूपीआय ऑटोपेवर लावलेला. त्या रात्री तिनं मालिका लावली. चक्र फिरत राहिलं आणि मग पडदा काळा होऊन वर आलं: `Something went wrong. Please try again. 6004`.

आईनं पहिला प्रश्न विचारला, “पैसे भरलेस का रे त्यांचे?”

मी म्हणालो, “ते आपोआप कटतात गं.”

“मग जाहिराती कशा लागतायत? पुढच्या भागाची झलकपण दिसतीय. मालिका तेवढी लागंना.”

अख्ख्या प्रकरणात खरं निदान एवढं एकच झालं, आणि ते चौथी शिकलेल्या आईनं केलं होतं. मी मात्र राउटर बंद-चालू करत बसलो. ॲप काढून परत टाकलं. दुसऱ्या दिवशी इंटरनेटवाल्या पोराला बोलावलं. त्यानं स्पीड मोजून दाखवला, तो चांगला होता. तरी ‘ॲडाप्टर गरम होतोय’ म्हणून नवा लावला आणि 350 रुपये घेऊन गेला. 6004 जागच्या जागी.

खरं काय झालं होतं ते नंतर कळलं, पण इथंच सांगतो. ऑगस्टमध्ये मी दुकानाचं खातं एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलवलं. यूपीआयमध्ये नवं खातं जोडलं, रोजचे व्यवहार त्यावर सुरू झाले. माझा समज असा, की ऑटोपेसुद्धा आपोआप नव्या खात्यावर गेला असेल. तसं होत नाही. ऑटोपेची परवानगी ज्या खात्यावरून दिली, त्याच खात्याला ती चिकटलेली असते. जुन्या खात्यात दोन महिने पुरेल एवढी रक्कम उरली होती. ऑक्टोबरच्या हप्त्याला तिथे 86 रुपये होते. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी तसं कळवावं लागतं, हा नियम आहे, आणि तसा मेसेज आलाही होता. डिस्ट्रिब्युटरच्या बिलांच्या आणि दिवाळी ऑफरच्या मेसेजखाली तो गाडला गेला. हप्ता फसल्याचा मेसेजही तिथेच पडला होता.

मग ॲपनं सरळ ‘तुमचा प्लॅन संपला’ असं का सांगितलं नाही? माझा भाचा पुण्यात अशाच व्हिडिओ ॲपचं काम करतो. त्यानं समजावलेलं माझ्या भाषेत सांगतो. टीव्हीवर पोस्टर, नावं, झलक दिसते ती एका ठिकाणाहून येते. त्यातलं बरंचसं टीव्हीत आधीच साठवलेलं असतं, म्हणून प्लॅन संपला तरी दुकान उघडं दिसतं. पैसे देऊन बघायचा व्हिडिओ मात्र कुलूपबंद येतो. त्याची किल्ली, म्हणजे परवाना, दुसऱ्या सर्व्हरकडून मागावी लागते. तो सर्व्हर तुमचा प्लॅन चालू आहे का ते बघतो आणि नसेल तर नकार देतो. आता व्हिडिओ चालवणाऱ्या भागाला एवढंच कळतं, की किल्ली मिळाली नाही. का मिळाली नाही, ते त्याला कुणी सांगत नाही, किंवा सांगितलं तरी ॲप बनवणाऱ्यांनी ते पडद्यावर आणायची तसदी घेतलेली नसते. अँड्रॉइडवर बरीच ॲप्स व्हिडिओसाठी एकच तयार लायब्ररी, म्हणजे आयता लिहून ठेवलेला कोड, वापरतात. तिच्यात 6004 चं नाव आहे `ERROR_CODE_DRM_LICENSE_ACQUISITION_FAILED`, म्हणजे परवाना मिळवता आला नाही.

माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, गिऱ्हाइकाला शेल्फवर औषध दिसतंय, आणि चिठ्ठी नसल्यामुळे ते देता येत नाही. पण काउंटरवरचा पोरगा ‘चिठ्ठी आणा’ म्हणायच्या ऐवजी ‘काहीतरी बिघडलंय, थोड्या वेळानं या’ असं सांगतोय. गिऱ्हाईक बिचारं दिवसभर चकरा मारणार.

मी चकरा मारल्या त्या इंटरनेटवर. तिसऱ्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या ॲपचं नाव, ‘6004’ आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं टाकून शोधलं. सगळ्यात वर ॲपच्या नावानिशी एक मोबाइल नंबर आला. दहा आकडी मोबाइल नंबर! एवढ्या मोठ्या कंपनीची हेल्पलाइन साध्या मोबाइलवर कशी, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. दुकानात गर्दी होती, आणि घरी आईची मालिका तीन दिवस बंद.

पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. मी आकडा सांगितला तसा म्हणाला, “सर, आपका प्लान तो एक्टिव है. सिर्फ टीवी का रजिस्ट्रेशन निकल गया है.” प्लॅन चालू आहे, हेच मला ऐकायचं होतं. आईच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर त्यानं बरोबर ठरवलं, आणि तिथेच मी त्याच्या ताब्यात गेलो. पाच रुपये भरून टीव्ही पुन्हा जोडायचा, ते पाचही परत येणार. यूपीआयवरून नको, कार्डावरून करा, म्हणाला. आधी ‘मदतीसाठी’ एक ॲप घ्यायला लावलं, ज्यातून माझी स्क्रीन त्याला दिसेल. मग व्हॉट्सॲपवर लिंक आली. ॲपचा लोगो, खाली कार्डाचा फॉर्म, रक्कम 5 रुपये. मी नव्या खात्याच्या डेबिट कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. याच खात्यात डिस्ट्रिब्युटरला द्यायचे पैसे होते.

ओटीपीचा मेसेज वरून खाली सरकला. मी त्यातले सहा आकडे तेवढे वाचले आणि फॉर्ममध्ये टाकले. त्याच मेसेजमध्ये रक्कम लिहिली होती, 24,850 रुपये. ती वाचली असती तर गोष्ट संपली असती. फॉर्मवर पाच रुपये दिसत होते, पण तो फॉर्म त्यांनीच बनवलेला. बँकेचा मेसेज खरा होता आणि मी त्यातलं फक्त मला हवं तेवढं वाचलं.

“सर, दस मिनट मोबाइल को हाथ मत लगाइए, प्रोसेस चल रहा है.” मी एका गिऱ्हाइकाला गोळ्या काढून द्यायला उठलो. तेवढ्यात दुसरा ओटीपी आला. तो मी कुठेच टाकला नाही, त्यांनी तो माझ्या स्क्रीनवरून वाचला. परत आलो तेव्हा पैसे गेल्याचे दोन मेसेज होते. 24,850 आणि 19,999.

मी फोन कट करून मोबाइलच बंद केला. बायकोच्या फोनवरून बँकेला लावून कार्ड बंद करायला सांगितलं आणि तक्रारीचा नंबर लिहून घेतला. मग सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, 1930. तिसऱ्यांदा लागला. त्यांनी खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचे नंबर विचारले. पैसे गेल्यापासून तक्रार नोंदवेपर्यंत साधारण चाळीस मिनिटं झाली होती. नंतर cybercrime.gov.in वर सगळे स्क्रीनशॉट चढवले. 19,999 रुपये एका वॉलेटमध्ये पडून होते, ते तिथेच गोठवले गेले आणि चार महिन्यांनी, कोर्टाच्या आदेशानंतर, परत मिळाले. 24,850 ची तोवर गिफ्ट व्हाउचर निघून वापरलीही गेली होती.

बँकेनं त्या रकमेला सरळ नकार दिला. रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक त्यांनी दाखवलं. ग्राहकानं स्वतः कार्डाचे तपशील दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. वाचल्यावर वाद घालायला जागा नव्हती. म्हणूनच कार्ड बंद करायचा फोन सगळ्यात आधी करावा लागतो, घरच्यांना हकिगत सांगण्याच्याही आधी.

आता 6004 चं. त्या रात्री काय बघायला हवं होतं ते भाच्यानं नंतर दाखवलं. झलक आणि फुकटचे व्हिडिओ चालतात पण पैशाचा एकही चालत नाही, म्हणजे इंटरनेट ठीक आहे. खात्री करायची तर मोबाइलचं हॉटस्पॉट टीव्हीला जोडावं. तिथेही तोच आकडा आला तर राउटरचा काही संबंध नाही. मग टीव्ही सोडून फोनच्या ब्राउझरमध्ये कंपनीची वेबसाइट उघडावी, आपल्या खात्यात जाऊन पुढच्या हप्त्याची तारीख बघावी. टीव्हीवर नावाखाली ‘प्रीमियम’ लिहिलेलं असलं तरी ते जुनं साठवलेलं असू शकतं. माझ्या टीव्हीवर पैसे थकून तीन दिवस झाले तरी ते दिमाखात दिसत होतं. वेबसाइटवर मात्र स्वच्छ लिहिलं होतं, प्लॅन संपला.

त्या लायब्ररीत दोन हजारांतले आकडे साधारण नेटवर्ककडे आणि सर्व्हरकडे बोट दाखवतात, सहा हजारांतले परवान्याकडे. पण यावर आंधळा भरवसा नको. कित्येक ॲप्स स्वतःचे वेगळे आकडे देतात, आणि परवाना न मिळण्याचं कारण प्लॅनच असेल असंही नाही. टीव्हीचं घड्याळ चुकलेलं असलं तरी परवाना अडू शकतो.

149 रुपये भरल्यावरही टीव्हीवर 6004 येतच राहिला. तेव्हा मी घाबरलो, पण भाचा म्हणाला, “मामा, साइन आउट करून परत आत या.” तसं केल्यावर मालिका सुरू झाली, बरोबर जिथे थांबली होती तिथून. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या पानावर जाऊन जुनी परवानगी रद्द केली आणि नव्या खात्यावरून नवी दिली. तिथे वीज बिलाची आणखी एक जुनी परवानगी सापडली, तीही त्याच 86 रुपयांच्या खात्यावर.

ॲपवाल्यांना मी त्यांच्या मदतीच्या पानावरून लिहिलं, की प्लॅन संपल्यावर तसं शब्दांत लिहा. ‘तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत’ असं उत्तर आलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार दिली. तिथूनही कंपनीचं तेच वाक्य परत आलं. मोबाइल नंबरचीही तक्रार केली होती. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा शोधून पाहिलं. नंबर तोच होता, वरचं नाव मात्र दुसऱ्या एका ॲपचं.