खात्यात जमा झालेले पैसे तीन आठवड्यांनी परत गेले

मंगळवारी संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने दोन लॅपटॉप घेतले. कार्ड मशीनला लावलं तर व्यवहार नाकारला गेला. तो शांतपणे म्हणाला, "रक्कम मोठी आहे ना, म्हणून बँक अडवते. थांबा, विचारतो." त्याने स्वतःच्या फोनवरून 'बँकेला' फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडच्या बाईंनी सहा आकडी मंजुरी क्रमांक सांगितला आणि मशीनवर 'ऑफलाइन सेल' निवडून तो टाकायला सांगितला. मी टाकला, पावती निघाली, माल दिला.

गुरुवारी पैसे खात्यात आले, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. माझी खरी चूक तिथेच झाली.

नेहमीच्या व्यवहारात मशीन त्याच क्षणी गिऱ्हाइकाच्या बँकेला विचारतं. ती हो म्हणाली की रक्कम फक्त राखून ठेवली जाते, आपल्याकडे येत नाही. रात्री दिवसभराची बॅच बंद झाली की सगळे व्यवहार आपल्या बँकेमार्फत कार्ड कंपनीकडे जातात आणि साधारण एक-दोन कामाच्या दिवसांत कमिशन कापून पैसे जमा होतात. ऑफलाइन सेलमध्ये मशीन कुणालाच विचारत नाही. आपण टाकलेला क्रमांक ते जसाच्या तसा बॅचमध्ये ठेवतं. कुठलेही सहा आकडे टाकले असते तरी पावती निघालीच असती! बॅच पुढे गेली आणि नेहमीच्या चक्रात पैसेही आले. त्या दोन दिवसांत तो क्रमांक खरा आहे का, हे कुणी तपासलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी एका दिवसाचे पैसे फारच कमी आले. सेटलमेंट रिपोर्ट उघडला तर खाली वजा रकमेची ओळ होती, चार्जबॅकची. कार्ड देणाऱ्या बँकेने मंजुरी दिलीच नव्हती, म्हणून तिने पैसे परत मागितले आणि माझ्या बँकेने ते त्या दिवशीच्या विक्रीतून वळते केले. शंभराच्या विक्रीवर अठ्ठ्याण्णव हाती आले होते, गेले मात्र पूर्ण शंभर, वर चार्जबॅकचा दंड. मी ऑफलाइन पावती पुरावा म्हणून पाठवली. तिचा काही उपयोग झाला नाही, कारण मंजुरी घेण्याची जबाबदारी दुकानदाराची असते.

फोनवरून मंजुरी घ्यायची खरी पद्धत असते, पण तो फोन आपण करायचा असतो, आपल्या बँकेने दिलेल्या नंबरवर. गिऱ्हाइकाच्या फोनवर कोण बोलतंय हे कळायला काहीच मार्ग नसतो. नाकारलेल्या कार्डावर तर ऑफलाइन सेल करायचाच नसतो, दुसरं कार्ड मागायचं. मी बँकेला लिहून ती सोय मशीनवरून काढून टाकली. तुमच्या मेनूत 'ऑफलाइन सेल' किंवा 'फोर्स सेल' दिसत असेल आणि तुम्हाला ते कधी लागत नसेल, तर आजच बंद करून घ्या.