बारा तासांची शिक्षा मी साडेपाच दिवस कशी भोगली

गेले वर्षभर मी एका मायक्रोब्लॉगिंग सेवेचे पैसे भरून सदस्यत्व घेतले आहे आणि आजवर माझी मोठी तक्रार नव्हती. मात्र एका मंगळवारी रात्री 10.40 वाजता, आंब्याची पेटी परस्पर फस्त करणाऱ्या मित्राला मी ‘आता भेटलास की तुझा मुडदाच पाडतो’ असे उत्तर दिले आणि काही क्षणांतच धमकीच्या आरोपाखाली माझे खाते कुलूपबंद झाले.

पडद्यावर दोनच मार्ग होते: पोस्ट हटवणे किंवा अपील करणे. हटवण्याच्या बटणाखाली, ते दाबणे म्हणजे नियमभंग मान्य करणे होय, अशा अर्थाची ओळ होती. ती मला झोंबली आणि मी अपील केले. सोबत 12 तासांच्या बंदीचा उल्लेख होता, म्हणून सकाळपर्यंत निदान मुदत तरी संपेल, अशी माझी समजूत होती. सकाळी पाहिले, तर आकडा होता तिथेच होता. हे घड्याळ खाते बंद झाल्यापासून नव्हे, तर पोस्ट हटवल्यापासून चालू होते, आणि अपील प्रलंबित असेपर्यंत कुलूप तसेच राहते. हे त्या पडद्यावर ठळक अक्षरांत लिहायला काय हरकत होती?

रविवारपर्यंत उत्तर आले नाही. दरम्यान मित्राने त्याच्या फोनवरून पाहिले, तेव्हा माझ्या पोस्टच्या जागी नियमभंगाची सूचनाच दिसत होती. म्हणजे जी पोस्ट राखण्यासाठी मी अडून बसलो होतो, ती कोणाला दिसतही नव्हती. शेवटी मजकुराचा स्क्रीनशॉट घेऊन मी अपील मागे घेतले आणि रात्री 9.15 वाजता Remove दाबले. तेव्हा कुठे उलटी गणती सुरू झाली. अ‍ॅप बंद केले तरी ती चालूच राहते, त्यामुळे उघडून बसण्याची गरज नाही.

त्यापुढची केवळ-वाचन अवस्था मला वाटली होती तितकी जाचक निघाली नाही, हे कबूल करतो. टाइमलाइन वाचता येते आणि माझ्या जुन्या पोस्टवर इतरांना प्रतिक्रियाही देता येतात. नवी पोस्ट, पुनर्प्रसारण आणि लाइक मात्र बंद. खासगी संदेश फक्त आपल्याला फॉलो करणाऱ्यांनाच जातो. आंबे खाणारा मित्र मला फॉलो करत असल्याने त्याला उरलेला मजकूर तिथे सविस्तर, सौम्य शब्दांत कळवता आला.

सोमवारी सकाळी 9.15 नंतर मी एक लाइक करून पाहिले. ते टिकले, तेव्हा बंदी उठल्याची खात्री झाली. एकूण हिशेब 5 दिवस, 10 तास, 35 मिनिटांचा झाला. एवढ्या दिवसांचे सदस्यत्वाचे पैसे परत मिळावेत, असे मी लेखी कळवले आहे. रक्कम पावशेर शेंगदाण्यांइतकीच भरेल, पण मागणी मी मागे घेतलेली नाही.