लघवीची नळी: लेटेक्सची की सिलिकॉनची?

नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरी 82 वर्षांचे वडील पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले आहेत आणि त्यांना लघवीसाठी कायमची नळी घातलेली आहे. नळी बदलायला येणाऱ्या सिस्टरनी जेव्हा "लेटेक्सची घालायची की सिलिकॉनची?" असे विचारले, तेव्हा मला दोन्हींतला फरक केवळ किमतीचा वाटला होता. वर्षभराच्या अनुभवानंतर, हाच निर्णय घेणाऱ्या घरांसाठी हे लिहीत आहे.

लेटेक्सच्या नळीवर सिलिकॉनचा पातळ लेप असला, तरी आतली भिंत जाड असते आणि ती साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत बदलली जाते. संपूर्ण सिलिकॉनच्या नळीची भिंत पातळ असल्यामुळे, बाहेरून दोन्ही 16 नंबरच्या असल्या, तरी सिलिकॉनच्या नळीतला मार्ग अधिक रुंद राहतो, आणि काही अडचण नसल्यास ती बारा आठवड्यांपर्यंत चालते. ती लेटेक्सपेक्षा बरीच महाग असते. मूत्राशयात नळी धरून ठेवणाऱ्या फुग्यातले पाणी सिलिकॉनमधून हळूहळू झिरपते, त्यामुळे नळी सैल वाटली, तर सिस्टरना तपासायला सांगावे. ज्यांना लेटेक्सची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी मात्र निवडीचा प्रश्नच उरत नाही.

खरा प्रश्न तुंबण्याचा आहे. काही रुग्णांच्या लघवीत असे जंतू वाढतात, की ते युरियाचे अमोनियात रूपांतर करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातले क्षार नळीच्या टोकाला व आतून चिकटत जातात. हा थर सिलिकॉनवरही बसतो. रुंद मार्ग भरायला फक्त अधिक दिवस लागतात. म्हणून बारा आठवड्यांचा आकडा पाकिटावरून घेऊ नये, तो रुग्णाकडून घ्यावा.

आमच्या वहीत लेटेक्सच्या तीन नळ्या अनुक्रमे 13, 11 आणि 14 दिवसांत तुंबल्याची नोंद झाली होती. सिस्टरनी तिसरी नळी काढल्यावर तिचे टोक हातमोज्याच्या बोटांत धरून चोळायला लावले, तेव्हा आत वाळूसारखी कचकच स्पष्ट जाणवली. डॉक्टरांच्या सल्ल्याने सिलिकॉनची नळी घातली, ती 26 व्या दिवशी तुंबली. त्यानंतर आम्ही ती 21 व्या दिवशीच, म्हणजे तुंबण्याआधी बदलू लागलो, आणि रात्री-अपरात्री धावपळ करण्याची वेळ थांबली. जिथे लेटेक्सची नळी ठरलेले दिवस विनातक्रार टिकते, तिथे जास्त पैसे मोजण्याचे मला कारण दिसत नाही. जिथे ती दोनदा-तीनदा मुदतीआधी तुंबली, तिथे सिलिकॉनबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

नळी कोणतीही असो, पिशवीची शिस्त तीच. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला न टेकता, पलंगाच्या पट्टीला अडकवावी. आजारी माणसाला कुशीवर वळवताना ती त्याच्या अंगावरून उचलून नेल्यास साठलेली लघवी उलट मूत्राशयात जाते, म्हणून आधी ती रिकामी करावी. दोन-तृतीयांश भरली की हात धुऊन, खालचा नळ भांड्याला न लावता ओतावी. नळी आणि पिशवीचा जोड मात्र पिशवी बदलण्याव्यतिरिक्त उघडू नये, कारण जंतू तिथूनच आत शिरतात. नळी मांडीला थोडी सैल ठेवून पट्टीने बांधली, की वळवताना ओढ बसत नाही.

दोन-तीन तास पिशवीत थेंबही आला नाही, तर आधी नळी मांडीखाली दबली आहे का, वळली आहे का आणि पिशवी फार वर लटकली आहे का, हे पाहावे. बद्धकोष्ठतेनेही नळी दबते. यांपैकी काही नसेल आणि ओटीपोट घट्ट फुगले असेल, नळीच्या बाजूने लघवी गळून कपडे ओले होत असतील, किंवा बोलू न शकणारा माणूस अकारण अस्वस्थ होऊन हात झटकत असेल, तर नळी तुंबली आहे असे समजून लगेच सिस्टरना किंवा डॉक्टरांना बोलवावे. गळतीमुळे "लघवी तर होते आहे" असा समज होतो, आणि याच समजात आमचे पहिल्या वेळी चार तास गेले. सिरिंजने जोर लावून पाणी मारणे किंवा नळी ओढणे घरी करू नये. थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या किंवा माणूस गुंगीत गेला, तर सिस्टरची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एका मापाची, म्हणजे आमच्याकडे 16 नंबरची, न उघडलेली नळी आणि पिशवी कपाटात ठेवलेली असते. रात्री औषधाच्या दुकानात नेमके ते माप मिळेलच असे नसते, आणि सिस्टर आल्या तरी हातात योग्य नळी असल्याशिवाय त्या बदलणार कशी?