डीजे स्टेंट आणि प्रेडनिसोलोन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी कंबर बरेच दिवस मंद दुखत होती आणि कूस बदलून किंवा आडवे पडूनही बरे वाटत नव्हते, म्हणून ठाण्यातील आमच्या डॉक्टरांनी मणक्याचे फोटो काढण्याआधी रक्त तपासायला सांगितले. शरीरातला दाह दाखवणारा ईएसआर ८६ आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ३.६ आले, दाहाचेच दुसरे माप असलेले सीआरपीही बरेच वाढलेले होते, आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे सुजलेली दिसली. स्कॅनमध्ये महाधमनीभोवती साचलेल्या तंतुमय थराने दोन्ही मूत्रवाहिन्या मध्यभागी ओढून आवळल्याचे कळले. हाच रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस.

आधी दोन्ही मूत्रवाहिन्यांत वाट मोकळी ठेवणाऱ्या बारीक नळ्या, म्हणजे डीजे स्टेंट, बसवले. त्यानंतर लघवीचे प्रमाण इतके वाढले की पहिले दोन दिवस सलाइन आणि सोडियम-पोटॅशियम यांवर सतत लक्ष ठेवावे लागले. अडलेली वाट मोकळी झाल्यावर असे होऊ शकते, हे नातेवाइकांनाही आधी सांगून ठेवलेले बरे. क्रिएटिनिन हळूहळू १.४ पर्यंत उतरले. स्टेरॉइड मात्र बायोप्सीचा अहवाल येईपर्यंत थांबवले होते, कारण लिम्फोमा हा कर्करोगही स्कॅनमध्ये असाच दिसू शकतो आणि स्टेरॉइडने तो तात्पुरता दबला, तर निदान हुकते.

अहवालात कर्करोग नाही असे कळल्यावर रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले. कंबरेची जुनी ठणक काही दिवसांतच ओसरली, त्यामुळे पुढे जे दुखत राहिले ते कशाचे, हे मला ओळखता आले. स्टेंटचे दुखणे लघवी करताना कुशीत वर चढते, वारंवार लघवीला लावते, आणि जास्त चालल्यावर लघवी लालसर होते. मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करणाऱ्या टॅम्सुलोसिनने त्यात फरक पडला. आजाराचे दुखणे लघवीशी जोडलेले नसते, ते दिवसभर एकसारखे असते. हा भेद माझ्या मते रुग्णाने नीट समजून घ्यायलाच हवा.

तरीही नुसत्या दुखण्यावर विसंबता येत नाही. डोस कमी करत असताना एकदा क्रिएटिनिन पुन्हा १.९ झाले, पण ईएसआर आणि सीआरपी खालीच होते. म्हणजे दाह उसळलेला नव्हता. उजव्या स्टेंटमध्ये क्षार साचून तो अडला होता, आणि तो बदलताच आकडा उतरला. स्टेंट ठरावीक महिन्यांनी बदलावे लागतात. तारीख चुकवली की क्षारांचा थर चढून तो काढणेच अवघड होते.

प्रेडनिसोलोनने साखर वाढली, रात्रीची झोप गेली आणि चेहरा सुजला. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतल्याने झोपेचा त्रास कमी झाला, तर हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे. प्रेडनिसोलोनची गोळी एकदम बंद करायची नसते, कारण शरीराची स्वतःची स्टेरॉइडची निर्मिती तोवर मंदावलेली असते. आता डोस ७.५ मिलिग्रॅमवर आहे. नव्या स्कॅनमध्ये थर बराच पातळ झाल्यामुळे डावा स्टेंट काढला आहे. उजवा काढण्याआधी त्या बाजूचा निचरा रीनल स्कॅनवर पाहतील, आणि आजार उलटण्याची शक्यता असल्याने क्रिएटिनिन, सीआरपी आणि सोनोग्राफी पुढेही ठराविक अंतराने होत राहतील.