आठवडा झाला, उत्तर नाही: नुसती आठवण द्यावी की आपलं काम पुन्हा सांगावं?

माझी भाची ठाणे पूर्वेला कोपरीत राहते. बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्हची जागा निघाली होती. तिने जॉब पोर्टलवरून एका मंगळवारी अर्ज केला आणि पुढच्या मंगळवारपर्यंत काहीच कळलं नाही. जाहिरातीत रिक्रूटरचा मेल आयडी होता. त्या रात्री तिने दोन मेल लिहून मला पाठवले आणि खाली विचारलं, "मावशी, यातला कुठला पाठवू?" मी वाशीत अकरा वर्षं रिक्रूटमेंट केलंय, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला.

पहिला मेल तीन ओळींचा होता. अमुक तारखेला अमुक जागेसाठी अर्ज केला आहे, मला या कामात अजूनही रस आहे, पुढची प्रक्रिया कधी होईल ते कळवाल का. दुसऱ्यात एवढं होतंच, शिवाय आपण या जागेला का योग्य आहोत हेही लिहिलं होतं. दोन्ही मेल नम्र होते आणि दोन्हींचं इंग्रजी नीट होतं. वरवर पाहिलं तर छोटा मेल सुरक्षित वाटतो, कारण तो कोणाचा वेळ खात नाही.

पण आठवडाभर उत्तर का आलं नाही, हे आधी पाहायला हवं. पोर्टलवर आपल्या अर्जाची स्थिती दिसते. अर्ज उघडलाच गेला नसेल, तर छोटा मेल पुरतो. रिक्रूटरने सीव्ही शोधून वर काढावा एवढंच तेव्हा हवं असतं, बाकीचं काम सीव्ही करतो. फोनवर तुमच्याशी बोलणं झालं असेल किंवा "मॅनेजरला पाठवलंय" असं त्यांनी सांगितलं असेल, तरीही छोटाच पाठवावा. त्यांना तुम्ही माहीत आहात, तेव्हा पुन्हा स्वतःबद्दल लिहिलं तर त्यांनी आधी ऐकलंच नाही असा अर्थ निघतो.

अर्ज पाहिला गेलाय आणि तरी शांतता आहे, तेव्हा गोष्ट वेगळी. भाचीच्या बाबतीत तेच झालं होतं. मी तिचा सीव्ही उघडला आणि कारण पहिल्याच ओळीत सापडलं. हुद्दा होता "ऑपरेशन्स असिस्टंट". ती तीन वर्षं ज्या छोट्या कस्टम ब्रोकरकडे काम करते, तिथे सगळ्यांना हाच हुद्दा आहे. प्रत्यक्षात ती शिपिंग बिलाची चेकलिस्ट तपासते, आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर बिल फाइल करते, शिपिंग लाइनकडून आलेला बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टशी ताडून बघते आणि न्हावाशेवाला कंटेनर आत जाण्यासाठी फॉर्म १३ काढते. म्हणजे जाहिरातीतलं काम ती रोज करतेय, पण सीव्हीत ते "डॉक्युमेंटेशनमध्ये मदत" एवढ्यावर आटोपलं होतं.

रिक्रूटर बहुतेक वेळा त्या क्षेत्रातला नसतो. त्याच्या हातात जाहिरातीतले शब्द असतात आणि समोर अर्जांचा ढीग. हुद्दा, सध्याची कंपनी, राहण्याचं ठिकाण आणि नोटीस पीरियड एवढं पाहून तो पुढे सरकतो. मीही तसंच करायचे. अशा वेळी "अर्जाचं काय झालं?" असा मेल आला, तर तो तोच सीव्ही पुन्हा उघडेल, तोच हुद्दा वाचेल आणि पुन्हा बंद करेल. म्हणून मी तिला दुसरा मेल निवडायला सांगितला.

पण तिने लिहिला होता तसा नव्हे. त्यात पाच परिच्छेद होते. मेहनती आहे, लवकर शिकते, टीममध्ये जमवून घेते, असं सगळं होतं. "अद्याप आपल्याकडून काहीच उत्तर मिळालेलं नाही" हे वाक्यही होतं. तक्रारीचा सूर नव्हता तिच्या मनात, मला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला तो लागतो. ते वाक्य गेलं, गुणवर्णनही गेलं. उरलं ते मराठीत सांगायचं तर असं:

"नमस्कार मॅडम, बेलापूरच्या एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी मी मागच्या आठवड्यात मंगळवारी अर्ज केला आहे. माझा हुद्दा ऑपरेशन्स असिस्टंट असला, तरी गेली तीन वर्षं मी न्हावाशेवाच्या निर्यातीची कागदपत्रं सांभाळते. महिन्याला साधारण ६० शिपिंग बिलं, बिल ऑफ लेडिंगच्या ड्राफ्टची तपासणी आणि फॉर्म १३ ही कामं माझ्याकडे आहेत. मी ठाणे स्टेशनजवळ राहते, बेलापूरला थेट लोकल आहे. नोटीस पीरियड ३० दिवसांचा आहे. आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर कळवा."

राहण्याचं ठिकाण मुद्दाम ठेवलं. नवी मुंबईतल्या कंपन्यांत ठाण्याचा पत्ता पाहिला की रोज येणं जमेल का, ही शंका येतेच. ठाणे-पनवेल लोकल बेलापूरला थांबते, हे एका वाक्यात सांगितलं की शंका मिटते. ६० हा आकडा ठेवण्याआधी मी तिला तीन महिन्यांचं रजिस्टर पाहायला लावलं. मुलाखतीत "हे कसं मोजलंत?" असं विचारलं तर सांगता यायला हवं.

विषयाची ओळही तिने बदलली. आधी तिथे नुसतं "फॉलोअप" होतं, त्यातून कुठल्या जागेबद्दल ते कळत नाही. मग असं लिहिलं:

```
Application: Export Documentation Executive, Belapur
```

इथे पुढे खोटं `Re:` लावायचा मोह होतो, मागचं बोलणं चालू असल्यासारखं दाखवायला. ते करू नये. मेल उघडल्यावर खाली काहीच नसतं आणि पहिल्याच भेटीत विश्वास जातो. अर्ज मेलवरूनच केला असेल, तर मात्र त्याच मेलला रिप्लाय करावा. मग जुना मजकूर आणि सीव्ही खाली आपोआप राहतात.

सीव्हीही पुन्हा जोडला, पण हुद्द्याखाली कामाची खरी ओळ घालून. हुद्दा स्वतःच्या मनाने बदलायचा नाही, कारण पुढे आधीच्या कंपनीकडे पडताळणी होते.

आठवडा मोजताना कामाचे दिवस धरावेत. मध्ये गणपती किंवा दिवाळी आली, तर सात दिवसांतले तीनच कामाचे निघतात. जाहिरातीत अर्जाची शेवटची तारीख दिली असेल आणि ती उलटली नसेल, तर दोन्हींतला कुठलाच मेल पाठवू नये. त्याच दिवशी व्हॉट्सॲप करून "मेल पाहिला का?" असं विचारू नये. यानंतरही शांतताच राहिली, तर दहाएक दिवसांनी एकदाच, तेव्हा मात्र छोटा मेल. त्यापुढे थांबावं.

बंद झालेली जागा लांब मेलने उघडत नाही, हेही मी तिला आधीच सांगितलं होतं. तिने बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मेल पाठवला. शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. ती जागा सध्या होल्डवर ठेवली होती, पण त्यांच्याकडे इम्पोर्टच्या टीममध्ये एक जागा निघत होती. बिल ऑफ एंट्रीचं काम केलंय का, असं त्या मॅडमनी विचारलं होतं. तिने केलं होतं, पहिले सहा महिने. सीव्हीत त्याचा उल्लेखच नव्हता.