चाळीचा कठडा: फोटो चिकटवावा की हाताने रंगवावा?

गिरगावातल्या चाळीचा लोखंडी कठडा कॉम्प्युटरवर थ्रीडीमध्ये करायचा होता. आधी मॉडेलवर फोटो चिकटवला. गंजाचे बारीक खवले आयते मिळाले, पण दुपारच्या उन्हाची सावलीही सोबत आली. सीनमधला दिवा डावीकडे नेला तरी ती सावली जागची हलेना. मग सोंग कळणारच!

हाताने रंगवताना खाली गंजाचा लेयर, वर हिरव्या ऑइलपेंटचा आणि त्या हिरव्याला मास्क. मास्कवर काळा ब्रश फिरवला की रंग उडून गंज दिसतो, पांढरा फिरवला की रंग परत येतो. त्यामुळे जिथे हात टेकतात, पावसाचं पाणी साचतं, तिथेच पोपडे काढता येतात. वेळ मात्र बराच जातो, आणि एकच ब्रश सगळीकडे वापरला तर त्याचे ठसे ओळखू येतात. मागच्या, दूरच्या इमारतींना मी अजूनही फोटोच लावतो.